फळ्यावरच्या लेक्चरचं निवेदन: आकृती कधी उमटवायची?

प्रश्न: नागपुरातल्या आमच्या क्लासच्या सरांचं बहिर्वक्र भिंगाचं लेक्चर लिहून काढलंय. त्याचं निवेदन आणि हाताने लिहिल्यासारखं ॲनिमेशन कसं करू?

उत्तर: आधी स्क्रिप्टमधले सगळे ‘हे बघा’, ‘इथून असा’ काढून तिथे वस्तूचं नाव घाला, मगच खुणा लावा. फळ्यासमोर सरांचं बोट असतं, व्हिडिओत नसतं. ‘हा किरण असा येतो’ याचं ‘मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण भिंगातून गेल्यावर नाभीतून जातो’ असं होतं. आता खूण वाक्याला नको, शब्दाला लावा:

- ‘समांतर’: वस्तूच्या टोकापासून भिंगापर्यंत रेघ
- ‘नाभीतून’: वाकलेली रेघ पलीकडच्या नाभीतून पुढे
- दुसऱ्या वाक्यात ‘प्रकाशीय मध्यातून’: न वाकणारी रेघ
- ‘छेदतात’: उलटी प्रतिमा, पण तोवर तिचा मागमूसही नको

मी दहावीच्या विज्ञानाचे असे व्हिडिओ बनवतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात: प्रतिमा आधी उमटली की मुलं उत्तर पाहून मोकळी होतात, किरण कोणी बघत नाही. आवाज आधी रेकॉर्ड करा आणि रेघांची गती त्यावर बसवा, कारण हात जिभेपेक्षा हळू चालतो. 1/v − 1/u = 1/f सरांच्या वेगाने लिहिलं तर बोलणं संपून हात मागेच राहतो. शेवटचं f उच्चारताना तेही लिहून व्हावं.

मात्र गणित सोडवताना सर जिथे थांबले, तिथली शांतता कापू नका. मुलं तेव्हाच वहीत उतरवतात.