रनर अडकला? आधी हात थांबवा

नव्या जीन्सची चेन वर जाते, पण खाली येताना रनर जागचा हलत नाही. खोबरेल लावू का? (वाचक, सिडको)

नको. रनरची जीभ आडवी असेल तर तो कुलूपबंद असतो, कारण तिच्याखालचा बारीक काटा दात्यांमध्ये रुतलेला असतो. जीभ उभी उचला आणि मग खाली ओढा. जीभच तुटली असेल तर तिच्या जागी सेफ्टी पिन ओवून उचला.

मुलाच्या जॅकेटचं आतलं अस्तर रनरमध्ये गेलंय. रनर वरही जात नाही, खालीही येत नाही. मिस्टर पक्कड घेऊन बसलेत. काय सांगू त्यांना? (गृहिणी, इंदिरानगर)

पक्कड खाली ठेवायला सांगा. शरणपूर रोडवरचं तिबेटियन मार्केट भरलं की पंधरवड्यात हाच प्रश्न माझ्या टेबलावर येतो, आणि बहुतेक वेळा जॅकेटही येतं ते कुणीतरी जोर लावून झाल्यावरच. कापड अडकल्यानं होणारं नुकसान थोडं असतं. खरं नुकसान त्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत होतं.

आत काय झालंय ते आधी समजून घ्या. रनरला पुढच्या बाजूला दोन तोंडं असतात आणि मागे एक. दोन्ही बाजूंचे दाते पुढच्या तोंडांतून वेगवेगळे आत येतात आणि मागून एकमेकांत गुंतून बाहेर पडतात. मध्ये पाचरीसारखा एक खांब असतो, चेन उघडताना तोच दात्यांना अलग करतो. बाजूच्या भिंतींत फक्त चेनची पट्टी सरकण्यापुरती फट असते. चेन लावताना सैल अस्तर पुढच्या तोंडातून दात्यांबरोबर आत ओढलं जातं, आणि एका पट्टीच्या जागेत दोन-तीन पदर कोंबले जातात. आता रनर वर ओढला की आणखी अस्तर आत जाणार. कापड आलं ते पुढच्या तोंडातून, तेव्हा बाहेरही तिथूनच येईल. म्हणजे रनर खाली न्यायचा, वर नाही.

जॅकेट टेबलावर सपाट पसरा आणि आतून बघा. सुरकुत्या ज्या बाजूच्या अस्तरावर गोळा झाल्यात ती बाजू अडकलेली. बहुतेक वेळा एकच बाजू असते. रनरच्या खालची बंद चेन कुणाला तरी दोन्ही हातांनी ताठ धरायला सांगा, या कामाला तिसरा हात लागतोच. त्या बंद भागाच्या दात्यांवर दोन्ही अंगांनी साधी मेणबत्ती घासा. मग अडकलेलं अस्तर बोटांच्या पेरांत सपाट धरून दात्यांपासून बाजूला आणि किंचित वर ताणा, आणि तो ताण न सोडता रनर केसभर खाली रेटा. थांबा, अस्तर पुन्हा ताणा, पुन्हा केसभर. दोन्ही कामं एकदम जोरात केली तर अस्तर फाटतं. रनर हलतोय पण कापड सुटत नाही, असं झालं तर बोथट टोकाची जाड सुई किंवा क्रोशाची सुई पुढच्या तोंडातून घालून घडी एकेक पदर उकला. टोकदार सुई नको, ती धागा उचलते आणि तोच धागा पुढे जाऊन गुंततो.

एवढं करूनही रनर ढिम्म राहिला तर आम्ही दुकानात जे करतो ते सांगते. अस्तर जिथे चेनच्या पट्टीला शिवलंय, तिथली चार-पाच इंच टीप उसवायची. अस्तर दोन्हीकडून ताणलेलं असतं म्हणून सुटत नाही. टीप उसवली की त्याला ढील मिळते आणि घडी बरेचदा हातानंच निघते. नंतर तेवढी शिलाई परत घालायची. घरी कुणाला शिवण येत नसेल तर याच्या पुढे जाऊ नका, जॅकेट घेऊन या.

शेवटचा उपाय म्हणजे कटरनं रनरचा मधला खांब तोडून रनरचाच बळी देणं. जॅकेट वाचतं, रनर नवा बसतो. पण रनरच्या पाठीवर कोरलेला नंबर, 3, 5, 8 असा काहीतरी, आधी टिपून ठेवा. नंबर एकच असला तरी नायलॉनच्या चेनला धातूच्या चेनचा रनर चालत नाही. तोडलेला रनर फेकू नका, दुकानात दाखवायला बरोबर आणा.

काही जण स्क्रू-ड्रायव्हरनं रनरच्या दोन पत्र्यांमधली फट रुंद करतात. कापड सुटतं, हे मला मान्य आहे. पण ती फट मग तशीच राहते, रनर दात्यांना दाबत नाही, आणि आठवडाभरात चेन मागून उघडायला लागते. पुन्हा दाबून बसवता येईल, असं कुणी सांगितलं असेल तर पुढचं उत्तर वाचा.

आणि जॅकेट सुटलं की तसंच घालून फिरू नका. जिथे एकदा अडकलं तिथे पुन्हा अडकणारच, कारण तिथलं अस्तर सैल आहे. दात्यांपासून साधारण एक सेंटिमीटर अंतर सोडून अस्तरावरून पट्टीलगत एक सरळ टीप मारून घ्या. शिंप्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. शेकडो रुपयांचं जॅकेट घेताना ही टीप आत आहे का, हे दुकानातच उलटून बघायला हवं, पण आपण रंग बघतो.

ट्रॅव्हल बॅगचा रनर पुढे जातो आणि मागे चेन उघडी पडते. मेहुणा म्हणतो पक्कडीनं रनर दाब. दाबू? (वाचक, नाशिक रोड)

मेहुण्याचं निदान बरोबर आहे, हात मात्र त्याला लावू देऊ नका. रनरचे पत्रे झिजून किंवा उसकटून फाकले की दाते नीट दाबले जात नाहीत. रनर जिथे सुरू होतो त्या टोकाला न्या आणि मागच्या तोंडाच्या डाव्या-उजव्या दोन्ही कडा लहान चपट्या पक्कडीनं आळीपाळीनं, अगदी हलक्या हातानं दाबा. एकदा दाबून चालवून बघा, मग पुन्हा. एकीकडे जास्त दाबलं तर रनर तिरका चालतो. बरेचसे रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, ते वाकायच्या आधी तडकतात. बारीक करकर ऐकू आली की थांबा, त्या रनरचं आयुष्य संपलं. ऑनलाइन मिळणारे 'कुठल्याही चेनला बसणारे' रनर घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी फक्त विचारते की नंबर न बघता सगळ्यांना बसणारी चप्पल कुणी पाहिली आहे का. लांबच्या प्रवासाला निघायचं असेल तर आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी बॅग आणा.

स्पोर्ट्स जॅकेटची चेन दोन-तीन इंच वर जाते आणि तिरकी होऊन थांबते. दुकानदार म्हणाला अख्खी चेन बदलावी लागेल. खरंच का? (कॉलेज विद्यार्थी, गंगापूर रोड)

बघितल्याशिवाय शपथ घेत नाही, पण बहुधा नाही. पूर्ण उघडणाऱ्या चेनच्या खाली एका बाजूला पिन असते आणि दुसऱ्या बाजूला डबी. घाईघाईत पिन डबीच्या तळाला न टेकता रनर ओढला की एक बाजू एक-दोन दाते मागे राहते. सुरुवातीला चेन नीट वाटते, कारण दाते गुंतत तर असतात. पण चुकीच्या जोडीदाराशी गुंततात. थोडं वर गेल्यावर कापडाचा लाटेसारखा फुगवटा येतो आणि रनर रुततो. खूण सोपी आहे: चेन तशीच बंद ठेवून दोन्ही खिशांच्या कडा किंवा कॉलरची टोकं जुळवून बघा. एक बाजू खाली उतरलेली दिसेल.

रनर हळूहळू पूर्ण खाली, डबीला टेकेपर्यंत आणा. रुतला असेल तर त्याच्या खालच्या दात्यांवर मेणबत्ती घासा आणि फुगवटा आडवा ताणून सपाट करा. पिन बाहेर काढा, रनर डबीला टेकलेलाच असू द्या, पिन रनरमधून डबीच्या तळापर्यंत सरळ ढकला. खालचं टोक एका हातानं दाबून धरा आणि मगच रनर वर ओढा. पिनचं टोक पिचलं असेल, किंवा पिनजवळची पट्टी उसवून तिचे धागे निघाले असतील, तर पिन तळाला बसतच नाही. अशा वेळी मात्र दुकानदार बरोबर. फरक ओळखायला ती पिन उजेडात नीट बघा. तरी शंका असेल तर दुसऱ्या कारागिराला दाखवा, पण अशीच रोज ओढत राहू नका. ओढून ओढून नायलॉनचे वेटोळे पट्टीपासून सुटतात, आणि मग चेन खरोखरच बदलावी लागते.

पेन्सिल, साबण, मेणबत्ती, लिपबाम, खोबरेल. मोबाइलवर सगळे उपाय बघितले. नक्की काय लावायचं? (वाचक, सातपूर)

मेणबत्ती. पितळी चेनला पेन्सिलचं शिसंही चालतं, पण फिक्या कपड्यावर काळे डाग पडतात. कोरडा साबणही चालेल. तेल आणि लिपबाम नाही, कपड्यावर डाग आणि दात्यांवर धूळ, दोन्ही धरतात. आणि वंगणानं फक्त घर्षण कमी होतं. अडकलेलं कापड किंवा चुकलेला दाता त्यानं सुटत नाही, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

नातवाच्या पँटची चेन त्याच्या कातडीवर बसली. खेचून काढली, रक्त आलं. पुन्हा झालं तर? (आजी, पंचवटी)

हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आत्ता झालेली जखमही त्यांना आजच दाखवा. पुन्हा झालं तर रनर हलवू नका, मुलाला शांत धरा आणि तसंच दवाखान्यात न्या. लहान मुलांना चड्डीशिवाय चेनची पँट घालू नका.

पैठणीवरच्या ब्लाउजच्या बाजूच्या चेनमध्ये काठाची जर अडकलीय. महिनाभर तसंच कपाटात होतं. परवा लग्न आहे. घरी काय करता येईल? (वाचक, येवला)

काहीही करू नका. जर ओढली की काठ उकलत जातो, आणि वर सांगितलेलं रनर केसभर हलवण्याचं तंत्र जरीला चालत नाही. मेणही लावू नका. ब्लाउज आहे तसाच, न घडी घालता हँगरला लावून, जरीचं काम जाणणाऱ्या कारागिराकडे उद्या सकाळीच न्या. बहुधा चेन उसवून बाजूला काढावी लागेल आणि लग्नापुरते तिथे हूक बसतील. महिन्यापूर्वी आणला असतात तर नवी चेनही बसली असती.