तिसरा माणूस नाटकात का झोपला?

प्रश्न: कादंबरी लिहितेय. नायिका, तिचा नवरा आणि तिला आवडू लागलेला एक सहकारी. मैत्रिणी म्हणतात, नवरा अगदी पुठ्ठ्याचा वाटतो. लेखक मुळात प्रेमत्रिकोण वापरतात तरी का? आणि तिसऱ्या माणसाला जिवंत कसं ठेवायचं?

उत्तर:

पुठ्ठ्याचा माणूस मीही केला होता, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते.

माझ्या कादंबरीत ठाण्यातली मृदुला आहे, ऐरोलीत नोकरी करणारी. तिचं लग्न हेमंतशी ठरलंय आणि मन सुहासकडे ओढलं जातंय. सुहास हेमंतचाच मित्र. हेमंतचा वाशीच्या भाजीपाला बाजारात वडिलांच्या वेळचा गाळा, अडतीचा धंदा. पहिल्या खर्ड्यात एक प्रसंग होता: तिघं गडकरी रंगायतनला नाटकाला जातात आणि दुसऱ्या अंकात हेमंत घोरायला लागतो. मृदुला आणि सुहास एकमेकांकडे बघून हसू दाबतात. मला तो प्रसंग फार आवडला होता. एका घोरण्यात हेमंत नीरस ठरत होता, ते दोघं जवळ येत होते आणि वाचकाची परवानगीही मिळत होती.

खर्डा शेजारच्या काकूंना वाचायला दिला. त्यांचं माहेर बाजारातलं. त्या म्हणाल्या, "अगं, झोपणारच की तो. रात्री दोनला उठलेला माणूस." मी हेमंतला धंदा दिला होता, पण त्या धंद्याचं घड्याळ दिलं नव्हतं. भाजीच्या गाड्या रात्री लागतात, माल पहाटे उजाडायच्या आत विकायचा असतो. त्या वेळी लोकल नसते, म्हणजे हा ठाणे-बेलापूर रस्त्याने बाइकवर जाणार. संध्याकाळी सात ही त्याची मध्यरात्र.

दुसऱ्या खर्ड्यात तो तसाच घोरतो. फक्त आता तिकिटं त्यानेच काढलेली आहेत. आपल्याला झोप लागणार हे त्याला माहीत आहे, तरी तिला नाटक आवडतं म्हणून तो येतो, आणि मध्यंतरात तोंडावर पाणी मारून परत येऊन बसतो. मृदुलाला हे दिसत नाही. वाचकाला दिसतं. आता ते दोघं हसतात तेव्हा वाचक हसत नाही, आणि मला हवं होतं ते नेमकं इथे सुरू झालं.

आता 'का' वापरतात त्याबद्दल. दोनच माणसं असली आणि दोघांचं जमत असलं, तर कादंबरी चाळीसाव्या पानाला संपते. मग अडथळा लागतो. तो बाहेरून आणता येतो: जात, घरचे, पैसा. पण तिसरा माणूस आणला की अडथळा नायिकेच्या आत जाऊन बसतो, कारण आता अडवणारं कुणी नाही, तिलाच ठरवायचंय. हेमंत की सुहास हा प्रश्न खरं तर 'मी कुठल्या घरात, कुठल्या वेळापत्रकात, कशी बाई होऊन जगणार' असा असतो, आणि हे मनातलं भांडण दोन माणसांच्या रूपाने पानावर चालतं-बोलतं दिसतं. शिवाय तिघं असले की प्रत्येक वेळी कुणीतरी एक खोलीबाहेर असतो. दोघांना माहीत आणि एकाला नाही, एवढ्यावर साध्या चहाच्या प्रसंगातही ताण येतो.

धोकाही इथेच आहे. नायिकेचा निर्णय लेखकाला आधीच माहीत असतो आणि वाचकाने तिला दोष देऊ नये म्हणून तो नाकारल्या जाणाऱ्या माणसात खोट घालत जातो. आधी नीरस, मग संशयी, शेवटी एक थप्पड. थप्पड मारली की निर्णय सोपा झाला, आणि त्रिकोण घालून जे मिळवायचं होतं तेच गेलं.

हे तुमच्या हस्तलिखितात झालंय का, हे तपासायची माझी एक भाबडी पद्धत आहे. पेन्सिल घेऊन त्या माणसाच्या प्रत्येक प्रसंगातली फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. माझा हेमंत अकरा प्रसंगांत होता आणि तो काय करत होता? वाट बघत होता, फोन करत होता, विचारत होता, गप्प बसत होता. सगळी क्रियापदं मृदुलाकडे तोंड करून उभी. ती नसताना हा माणूस काहीच करत नव्हता. मग मी त्याला असा एक प्रसंग दिला ज्यात ती नाही आणि तिचा विषयही नाही: टोमॅटोचा भाव पडलाय, माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याची पट्टी लिहायचीय, आणि भाडं-हमाली वजा करून हाती काय उरतंय ते त्याला फोनवर सांगायचंय. अडीच पानं. पुढे तो मृदुलाशी बोलतो तेव्हा वाईट बातमी सांगायची त्याची पद्धत वाचकाला आधीच माहीत असते.

दुसरी चूक बाजूंची. त्रिकोणाला तीन बाजू असतात, पण बहुतेक खर्ड्यांत दोनच काढलेल्या असतात. हेमंत आणि सुहास यांच्यामधली रेघ मी विसरलेच होते. रेने जिरार या फ्रेंच विचारवंताने 1961 मध्ये मांडलेलं म्हणणं इथे कामाला येतं: माणूस बऱ्याचदा थेट एखाद्याची इच्छा करत नाही, दुसरा कुणीतरी इच्छा करतो हे बघून करतो. ते सगळीकडे लागू होतं असं मला वाटत नाही, पण सुहासला चपखल बसलं. मृदुला त्याला आधी दोन वर्षं साधी ओळखीची होती. तलावपाळीवर हेमंत तिच्याबद्दल भरभरून बोलला, आणि त्या दिवसापासून ती त्याला दिसू लागली. हा प्रसंग घातल्यावर सुहासही थोडा डागाळला. बरं झालं.

मग मी उलट्या दिशेने घसरले. हेमंतची दया येऊन त्याला इतका थोर केला की तो दोघांना आशीर्वाद देऊन निघून गेला. काकू म्हणाल्या, "आता याच्या फोटोला हार घाल." खरंच होतं. देवमाणूसही पुठ्ठ्याचाच असतो, फक्त सोनेरी. म्हणून शेवटच्या खर्ड्यात लग्न मोडल्यावर हेमंत हॉलच्या बुडालेल्या अनामत रकमेतले अर्धे पैसे मागतो, तिच्या वडिलांसमोर, आकडा सांगून. क्षुद्र आहे हे त्यालाही कळतं. पण रोज वजावटीचा हिशोब करणारा माणूस दुःखातही तोच करणार. एका वाचकाला तो त्या क्षणी नकोसा झाला आणि दुसरीला सगळ्यात जवळचा.

शेवटी त्याची विल्हेवाट लावू नका. अपघात, परदेशी बदली, किंवा शेवटच्या प्रकरणात उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एखादी गोड मुलगी, हे तिन्ही मी लिहून फाडलेत.

तुमच्या कथेतला नवरा हा तर घरातलाच माणूस आहे, त्याचं काम सोपं असायला हवं. बायको सहकाऱ्यासोबत कॉफी पीत असते त्या संध्याकाळी तो काय करत असतो, ते आधी लिहा. तिचा फोन येत नाही म्हणून तो अस्वस्थ आहे, असं लिहावंसं वाटलं, तर ते खोडा आणि त्याला गॅसचा नंबर लावायला बसवा.