पुण्याहून नवी मुंबईला द्रुतगती मार्गाने पहिल्यांदा गाडी नेताना

प्रश्न: पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन पुण्याहून नवी मुंबईला एक्सप्रेसवेने जायचे आहे. गाडी साधी मॅन्युअल हॅचबॅक आहे आणि या रस्त्यावर मी स्वतः पहिल्यांदाच चालवणार आहे. टोल, थांबे, लेन आणि कॅमेरे यांबाबत काय माहीत असायला हवे?

उत्तर:

मी या रस्त्याने महिन्यातून दोन-तीनदा जातो-येतो. किवळे ते कळंबोली हे अंतर साधारण 94.5 किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग सरळ व सोपा आहे. खरा विचार करावा लागतो तो खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतच्या सुमारे दहा किलोमीटरच्या उतारासाठी. तुम्ही पुण्याकडून येत असल्यामुळे घाट तुम्हाला चढायचा नसून उतरायचा आहे, आणि कुठे थांबावे, कोणती लेन धरावी, वेग किती ठेवावा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावरूनच ठरतात. मिसिंग लिंक हा घाट टाळण्यासाठीच आखलेला रस्ता आहे. मी येथे लिहीत आहे ते घाटातल्या मूळ रस्त्याविषयी.

आधी टोलचा विषय संपवतो. 1 एप्रिल 2023 पासून मोटारीला संपूर्ण अंतरासाठी एका बाजूचे 320 रुपये पडतात. ही रक्कम उर्से (तळेगाव) आणि खालापूर या दोन नाक्यांवर मिळून कापली जाते, त्यामुळे दोन वेगवेगळे संदेश आले तर पैसे दोनदा गेले असे समजू नये. दोन्ही आकड्यांची बेरीज करून पाहावी. 1 एप्रिल 2025 पासून येथे फास्टॅग बंधनकारक आहे आणि तो नसेल किंवा चालत नसेल तर दुप्पट टोल भरावा लागतो. म्हणून आदल्या रात्रीच शिल्लक तपासा आणि केवायसी अपुरे राहिल्यामुळे टॅग बंद तर पडलेला नाही ना, हेही पाहा, कारण खात्यात पैसे असूनही टॅग काळ्या यादीत गेलेला असू शकतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास तुमच्याकडे असला तरी तो येथे चालत नाही, कारण हा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. पासधारकांच्या खात्यातूनही नेहमीप्रमाणेच रक्कम कापली जाते, त्यामुळे पासच्या भरवशावर शिल्लक शून्य ठेवू नका.

थांब्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: घाटाच्या आधी एकदा थांबावे. उर्से नाक्याच्या परिसरात फूड मॉल, पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहे आहेत. निघून अर्धा तासही झालेला नसतो, त्यामुळे बहुतेक जण तेथे न थांबता पुढे निघतात आणि मग घाटात एखादा ट्रक बंद पडून रांग लागली की ज्येष्ठांचे हाल होतात. वाहतूक अडकली तर घाटातून बाहेर पडायला मधे कोठेही वाट नाही, म्हणून आईवडील सोबत असताना उर्से येथे दहा मिनिटे द्यावीत आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. वडापाव आणि चहाचा निवांत कार्यक्रम मात्र घाट उतरल्यावर खालापूरच्या बाजूला ठेवावा. भरपेट खाऊन लगेच घाट उतरू नये, हा माझा स्वतःपुरता नियम आहे. कडेच्या पट्टीवर गाडी लावून फोटो काढणारी मंडळी तुम्हाला दिसतील. त्यांचे अनुकरण करू नका, कारण ती पट्टी बंद पडलेल्या वाहनांसाठी आहे आणि मागून येणाऱ्या झोपाळलेल्या ट्रकचालकाला उभी गाडी फार उशिरा दिसते.

आता घाटाविषयी सविस्तर लिहितो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटर उंचीवर आहे, तर खोपोली शंभर मीटरच्याही आत. म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये तुमची गाडी पाचशेहून अधिक मीटर खाली येते. उतारावर गाडी आपोआप वेग घेते आणि तो रोखायचे काम एक तर ब्रेक करतात किंवा इंजिन करते. नवखा चालक पाचव्या गिअरमध्ये राहून सतत ब्रेकवर पाय ठेवतो, त्यामुळे पॅड आणि डिस्क तापत जातात, त्यांची पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल भुसभुशीत लागते. पहिल्या वर्षी माझेही असेच झाले होते. अमृतांजन पॉइंट ओलांडल्यानंतर काही मिनिटांतच गाडीत जळका वास आला आणि मी तो शेजारच्या ट्रकचा समजलो. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेले तेव्हा लक्षात आले की वास माझ्याच गाडीचा होता.

हे टाळण्यासाठी उतार सुरू होण्याआधीच गिअर उतरवावा. जो घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे; तुमच्या हॅचबॅकला तो बहुधा तिसरा असेल. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थोडे गुरगुरते आणि गाडी धरून ठेवते. त्या आवाजाने घाबरू नका. टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्याच्या बराच खाली असेल तोवर इंजिनाला काहीही होत नाही. तरीही वेग वाढतच असेल तर ब्रेक ठामपणे दाबून वेग दहा-पंधराने खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. पाय अलगद टेकवून ठेवणे हेच सर्वांत वाईट. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाची सगळी रोख नाहीशी होते, आणि आजच्या इंजिनांत गिअर लावून पाय उचलला की इंधनपुरवठा तसाही थांबतो. वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर गिअर आणखी एक उतरवा, डावीकडे या आणि खाली पोचल्यावर सुरक्षित जागी अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

लेनचा नियम कागदावर सोपा आहे: अवजड वाहनांनी डावीकडून जावे, मोटारींनी मधली लेन धरावी आणि सर्वांत उजवी लेन केवळ पुढे जाण्यासाठी वापरून लगेच सोडावी. प्रत्यक्षात घाटात एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडण्यासाठी मधल्या लेनमध्ये येतो, कधी तिसराही उजवीकडे सरकतो आणि तिन्ही लेन बंद होतात. अशा वेळी मागून हॉर्न वाजवून काही साधत नाही. उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या अगदी पुढे किंवा त्याच्या बगलेत रेंगाळू नये एवढे मात्र कटाक्षाने पाळावे, कारण ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला जायला फक्त पुढचीच जागा असते. त्याच्यापुढे गेलात तर अंतर वाढवत राहा, आणि मागे राहणार असाल तर भरपूर मागे राहा. सपाटीवर मात्र चूक बहुधा मोटारवाल्यांचीच असते: ऐंशीच्या वेगाने उजवी लेन धरून ठेवायची आणि मागचे वाहन डावीकडून पुढे गेले की त्याच्यावरच चिडायचे. पावसाळ्यात धोक्याचे दिवे लावून चालत राहणाऱ्यांमुळे तर लेन कोण बदलतो आहे हेच समजेनासे होते. पाऊस किंवा धुके असेल तर साधे हेडलाइट लावावेत.

कॅमेऱ्यांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. जुलै 2024 पासून येथे इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम सुरू आहे. कमानींवरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि वेगाबरोबरच सीटबेल्ट, हातातला मोबाइल व लेनची शिस्त यांवरही नजर ठेवतात. मोटारींसाठी मर्यादा सपाटीवर ताशी 100 किलोमीटर आणि घाटात 60 आहे. वाटेत फलकावर याहून कमी आकडा दिसला तर तोच मानावा. कमान दिसली की कचकन ब्रेक मारायचा आणि ती ओलांडली की पुन्हा पळायचे, अशी अनेकांची सवय आहे. ती मागच्या गाडीसाठी धोकादायक आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण येथे एका ठिकाणच्या वेगाबरोबर दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजला जातो.

समजा, घाटातल्या दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर अंतर आहे. 60 च्या मर्यादेने ते पार करायला दहा मिनिटे लागायला हवीत. तुम्ही दोन्ही कमानींखाली अगदी 55 वर होता, पण मधल्या उतारावर गाडी सैल सोडलीत आणि दुसऱ्या कमानीपाशी साडेसात मिनिटांत पोचलात. यंत्रणेच्या लेखी तुमचा सरासरी वेग 80 होतो. वाचलेली वेळ अडीच मिनिटे आणि अतिवेगाचा दंड मोटारीला 2,000 रुपये. तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याला हा हिशेब करावाच लागत नाही, गाडी साठच्या आसपास आपोआप राहते. वेगमापक काटा प्रत्यक्षाहून किंचित जास्तच दाखवतो, त्यामुळे काट्यावर 60 धरलेत तर थोडी सवलत आधीच तुमच्या पदरात असते. मागे बसलेल्या आईवडिलांनाही पट्टा लावायला सांगा.

चलन झालेच तर त्याचा संदेश गाडीच्या नोंदणीत असलेल्या मोबाइल क्रमांकावर येतो, आणि तो क्रमांक जुना असेल तर काहीच कळत नाही. परत आल्यावर आठवड्याभराने mahatrafficechallan.gov.in येथे गाडीचा क्रमांक टाकून स्वतः पाहावे. चलनासोबत छायाचित्र असते. प्लेट दुसऱ्याच गाडीची असेल किंवा वाचण्यात चूक झाली असेल तर तेथेच तक्रार नोंदवता येते. चलनाच्या नावाखाली एपीके फाइल किंवा अनोळखी दुवा आला तर तो उघडू नका, तो फसवणुकीचा प्रकार आहे.

वेळ निवडता येत असेल तर उजाडल्यावर निघा. साडेसहाला किवळे सोडले की घाट स्वच्छ उजेडात उतरता येतो. पाऊस जोरात असेल तर मात्र निघण्यापूर्वी रस्त्याची बातमी पाहा; आडोशी बोगद्याजवळ 2015 आणि 2023 या दोन्ही वर्षी जुलैमध्ये दरड कोसळली होती.