जकात, त्सेदाका, चॅरिटी : सगळ्याला ‘दान’ म्हणायचं का?

प्रश्न : ‘मी एक लेख ट्रान्सलेट करतेय, त्यात जकात, सदका, त्सेदाका, चॅरिटी असे शब्द येतात. सगळीकडे सरळ “दान” लिहिलं तर चालेल का? अर्थ तर एकच आहे ना, गरिबाला देणं.’

नाही चालणार, आणि का ते एका उदाहरणावर बघितलं की लगेच कळतं. समजा एका माणसाने तुमच्याकडून 5 दिरहम उसने घेतलेत, त्याची परिस्थिती वाईट आहे, पैसे परत येण्याचं लक्षण नाही आणि तुम्ही म्हणता, जाऊ दे, सोडले. तुम्ही काय केलंत? या एका गोष्टीला प्रत्येक परंपरा वेगळं नाव देते.

आधी आपला शब्द. मराठीत ‘मी त्याला कर्ज दान केलं’ असं कुणीच म्हणत नाही, कर्ज माफ करतात, नाहीतर सोडतात. पण गंमत बघा, आपण असंही म्हणतो की ‘त्या पैशांवर मी पाणी सोडलं’. हे पाणी दानाच्याच विधीतलं आहे. वस्तू देताना हातावरून उदक सोडायचं, म्हणजे यावरचा माझा हक्क संपला. ‘तुळशीपत्र ठेवलं’ पण तिथलंच. धर्मशास्त्रात दानाची व्याख्याच अशी आहे की आपलं स्वामित्व काढून घ्यायचं आणि दुसऱ्याचं निर्माण करायचं. या व्याख्येत गरिबी कुठेच नाहीये! गीतेच्या 17 व्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय त्यातही देश, काळ आणि पात्र बघा म्हणलंय, आणि घेणारा ‘अनुपकारी’ हवा, म्हणजे उलट उपकार फेडणार नाही असा. पात्र म्हणजे योग्य माणूस, तो गरीब असेल किंवा नसेलही. म्हणून विद्वानाला दिलेलं दान हे पूर्ण दान असतं, त्यात दयेचा भाग असायलाच हवा असं नाही.

आता इस्लाममधली जकात. मराठी वाचकाच्या डोक्यात आधी जकात नाकाच येतो, कारण तोच अरबी शब्द आपल्याकडे मालावरच्या कराचं नाव होऊन बसला. मूळ धातूत शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. हिशोब ठरलेला असतो : चांदीची किमान मर्यादा 200 दिरहम, तेवढी मालमत्ता एक चांद्र वर्ष तुमच्याकडे राहिली तर चाळिसावा भाग, म्हणजे 5 दिरहम द्यायचे. ते कुणाला द्यायचे त्याची लिस्ट कुराणात आहे (सूरह 9, आयत 60), आठ प्रकारचे लोक, त्यात कर्जात बुडालेला माणूस स्वतंत्र सांगितलाय. आणि 70 व्या सूरहमध्ये तर श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ आहे असं म्हणलंय. जे आधीच दुसऱ्याचं आहे ते त्याला दिलं तर त्याला दान कसं म्हणायचं? माझ्या मते ‘दान’ लिहिलं की इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण दानात देणाऱ्याची मर्जी येते, पात्र कोण ते तोच ठरवतो आणि जकातीत तेवढी मोकळीक नसते. आपल्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात देऊन चालत नाही, त्यांचा सांभाळ तसाही तुमच्यावरच आहे.

मग आपले ते 5 दिरहम? माणूस कर्जबाजारी आहे, लिस्टमध्ये बसतो, रक्कमही बरोबर तेवढीच. तर जकात फिटली असं म्हणता येईल का? बहुतेक फकीहांचं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांचं उत्तर, नाही. हातात काही दिलंच नाही, उलट बुडालेली उधारी वसूल झाल्यासारखी दाखवली. जकात द्यायचीच असेल तर 5 दिरहम खरंच त्याच्या हातात ठेवा, ते त्याचे झाले, मग त्याने आपणहून तुमचं कर्ज फेडलं तर फेडलं, पण तशी अट घालायची नाही. पण सोडून देणं वाया गेलं का, तर तेही नाही. कुराणातच (2:280) अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या आणि सोडून दिलंत तर जास्त चांगलं असं आहे आणि तिथे जे क्रियापद वापरलंय ते ‘सदका’ याच धातूचं. म्हणजे तीच कृती सदका आहे, जकात नाही. लेखात दोन्ही शब्दांना ‘दान’ लिहिलंत तर हा फरक पुसला जातो.

‘सदका’ आणि यहुदी परंपरेतला हिब्रू शब्द ‘त्सेदाका’ ही भावंडं आहेत, एकाच सेमिटिक धातूची. अरबीत तो सत्याकडे, खरेपणाकडे झुकला, हिब्रूत न्यायाकडे. म्हणून त्सेदाकाचा अर्थ न्याय्य वागणं असा आहे, आणि बायबलच्या जुन्या करारातल्या लेव्हीय ग्रंथातला नियम बघितला तर ते लगेच पटतं. शेत कापताना कडेचे कोपरे सोडून द्यायचे, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरीब आणि परक्यांसाठी. त्यात मालकाला ‘हे याला देतो, त्याला नाही’ असं ठरवायचा अधिकारच नाही, ते येऊन स्वतः कापून नेणार.

आणि कर्जाच्या बाबतीत इथे तर उलटंच चित्र आहे. 12 व्या शतकातला यहुदी विद्वान मायमोनिदीज, त्याने त्सेदाकाच्या आठ पायऱ्या लिहिल्यात. सगळ्यात खालची म्हणजे नाराजीने देणं आणि सगळ्यात वरची म्हणजे माणसाला भेट किंवा कर्ज देणं, भागीदारीत घेणं नाहीतर काम मिळवून देणं, जेणेकरून त्याला पुन्हा मागावं लागणार नाही. म्हणजे कर्ज सोडायच्या आधीच, ते दिलंत तेव्हाच तुम्ही वरच्या पायरीवर होतात! सोडण्याचा वेगळा नियम होता, दर सातव्या वर्षी कर्ज माफ. पण ते वर्ष जवळ आलं की लोक गरिबाला उसनं द्यायलाच तयार होईनात, म्हणून हिल्लेल या यहुदी धर्मगुरूने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त आणला, कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचं म्हणजे ते माफीत जात नाही. गरिबाला कर्ज मिळत राहावं म्हणून कर्जमाफीला बगल दिली, मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

चॅरिटीचं थोडक्यात. लॅटिन ‘कारितास’ म्हणजे प्रेम. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (13:3) पौल म्हणतो की सगळी मालमत्ता गरिबांना वाटली पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये या ‘प्रीती’च्या जागी चॅरिटीच आहे, तिथे ‘दान’ घातलं तर वाक्याचा अर्थच राहत नाही. आणि कर्ज सोडणं तर येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच आहे, मराठी बायबलमध्ये ‘ऋण सोडणे’ हाच प्रयोग आहे, फक्त तिथे आपणही देवाचे ऋणको असतो.

‘गरीब’ शब्दालाही जपून घ्या. आयत 60 मधला पहिला शब्द ‘फुकरा’, म्हणजे फकीरचं अनेकवचन. तिथे त्याचा अर्थ साधा गरजू माणूस, मराठीतला फिरस्ता साधू नाही. त्याची गरिबी दूर करायची आहे. आणि जैन किंवा बौद्ध परंपरेत साधूने स्वतःहून घेतलेलं अकिंचनपण असतं, ते दूर करायचं नसतं, त्याला भिक्षा घालायची असते.

म्हणून लेखात जकात, सदका, त्सेदाका तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या : जकात म्हणजे मालमत्तेतला गरजूंचा ठरलेला हिस्सा, सदका म्हणजे खुशीने दिलेलं किंवा सोडलेलं, त्सेदाका म्हणजे न्याय म्हणून देणं. चॅरिटीला संदर्भ बघून ‘प्रीती’ किंवा ‘मदत’. ‘दान’ हा शब्द फक्त हिंदू, बौद्ध, जैन भागासाठी राखून ठेवा, तिथे तो त्यांचा स्वतःचाच आहे.