बीप कुठं सुरू करायचा आणि कुठं सोडायचा

प्रश्न: मुलाखतीतल्या शिव्यांवर बीप टाकला की बोलणं तुटक वाटतं, कधी कधी ओठ आणि आवाजही जुळत नाहीत. बीप टाकावा की नुसतं म्यूट करावं? टायमिंग नैसर्गिक कसं ठेवायचं?

ओठ जुळत नाहीत म्हणजे तुम्ही शिवी झाकत नाही, कापताय. आवाजातला तेवढा तुकडा काढून टाकला की मागून येणारं सगळं बोलणं तेवढंच अलीकडे सरकतं, आणि तिथून शेवटपर्यंत चित्र एकीकडं, आवाज दुसरीकडं. ऑडॅसिटीत `Delete` दाबलं की असं होतं. `Silence Audio` (म्हणजे `Ctrl+L`) वापरलंत तर आवाज जातो, पण जागा तेवढीच राहते. आणि तुकडा निवडून `Generate > Tone` केलंत तर बरोब्बर तेवढ्याच लांबीचा बीप त्या जागी बसतो. लांबी हाताने मोजायची गरजच पडत नाही.

तुटक वाटण्याचं मात्र कारण वेगळं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या खोलीत हेच काम करतो. तालमीतल्या मुलाखती, पेठांच्या फुटबॉलचे व्हिडिओ, कधी एखाद्या हॉटेलवाल्याची जाहिरात. आमच्याकडं शिवी ही दर वेळी शिवी असतेच असं नाही. पुष्कळदा ती वाक्यात दम घ्यायची जागा असते. त्यामुळं ती काढली की अर्थाला धक्का लागत नाही, पण ताल जातो.

मागं एका वस्तादांची मुलाखत आली होती. पोरगा कुठं चुकतो ते सांगता सांगता ते म्हणाले, "आरं रांडेच्या, पट काढायचा आसतोय, मान न्हवं!" गिऱ्हाईकाचं म्हणणं होतं की व्हिडिओ घरातली माणसं बघणार, शब्द जाऊ दे पण वस्ताद वस्तादासारखेच वाटू देत. पहिल्या खेपेला मी सगळा शब्द झाकला. तो होता साधारण 0.42 सेकंदाचा. ऐकल्यावर असं वाटलं की वस्ताद बोलता बोलता मध्येच कुणीतरी रिव्हर्सचा टेम्पो लावला. "आरं", मग बीप, मग एकदम "पट काढायचा".

मग शब्द मोठा करून बघितला. सुरुवातीच्या "र"ला जेमतेम 0.04 सेकंद, मधल्या "आंडे"ला 0.20 आणि "च्या"ला 0.18. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः मधल्या भागामुळं, तिथल्या स्वरामुळं. म्हणून बीप फक्त त्या मधल्या 0.20 वर ठेवला आणि "र"ची चाहूल व "च्या" तसेच सोडले. आता वाक्य सलग चाललं. त्याचं कारण असं की "च्या" म्हणताना वस्तादांचा आवाज जसा खाली येतो आणि पुढचा "पट" जसा उचलला जातो, ती चढउतार जागेवर राहिली. आपल्या बऱ्याच शिव्या "च्या"वर संपतात, तेव्हा हे शेपूट वाचवता येतं का ते आधी बघा.

बीप सोडायचा कुठं, यातही एक खुबी आहे. च, क, ट, प असली व्यंजनं उच्चारताना तोंड क्षणभर बंद होतं आणि मग हवा फुटते. वेव्हफॉर्ममध्ये त्या जागी बारीकशी सपाट पट्टी दिसते आणि तिच्यापुढं एकदम खरखरीत रेघ. बीप त्या सपाट जागेत संपवायचा. तिथं मुळात शांतताच असते, त्यामुळं जोड कानाला कळत नाही. हाच बीप "आ"च्या मधोमध सोडलात तर स्वराचं तुटकं टोक ऐकू येतं आणि वाक्य ठेचकाळतं. तुमचं तुटक वाटणं बहुधा यातलंच असणार. सुरुवातीला "र"सारखा वाहता आवाज असेल तर सपाट जागा मिळत नाही. तिथं बीपला पहिल्या पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड इन द्या आणि शेवटी तेवढाच फेड आउट, नाहीतर दोन्ही टोकांना "टक" वाजतं.

हा उपाय सगळीकडं चालत नाही. "भ" किंवा "झ"नं सुरू होणाऱ्या काही शिव्यांचं पहिलं अक्षर कानावर पडताच ऐकणारा उरलेलं स्वतः पूर्ण करतो. अशा वेळी पहिल्या अक्षराच्या आधीपासूनच झाकायचं. शिवाय प, ब, भ, म यांना ओठ मिटतात ते चित्रात दिसतं. काम कडक असेल आणि चेहरा जवळून घेतलेला असेल तर तोंडही धूसर करावं लागतं. "र" आणि "डे" ओठांवर फारसे दिसत नाहीत, तेवढं वस्तादांच्या बाबतीत बरं झालं.

आता बीप की म्यूट? रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक ध्वनी पूर्ण काढून त्या जागी खोकला घातला. ऐकणाऱ्यांना तो ध्वनी ऐकू आल्यासारखाच वाटला, आणि खोकला नेमका कुठं आला ते धड सांगता येईना. त्याच जागी नुसती शांतता ठेवली तर खड्डा नेमका कुठं आहे ते लोकांना कळलं. आपल्या कामात याचा अर्थ सरळ आहे. वर दुसरा आवाज असला की मेंदू समजतो, बोलणं त्याच्या खालून चालूच आहे. शांतता असली की बोलणं थांबलं असं समजतो. म्हणून टायमिंग सांभाळायचं असेल तर मी बीपच्या बाजूने आहे. एक गंमत अशी की यामुळंच बीपखाली लोकांना शिवी अधिक ठळक ऐकू येते. कुणाला ते नको असेल तर म्यूट करावं लागतं, पण मग ती शांतता कोरी ठेवायची नाही.

कोरी शांतता म्हणजे काय ते तालमीत कळतं. तिथं मागं पंखा घरघरत असतो, माती उकरल्याचा आवाज असतो, पारव्यांचं घुमणं असतं. त्यात अर्धा सेकंद पूर्ण शून्य आलं की बघणारा मोबाइल हलवून बघतो. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या आधी पंधरा-वीस सेकंद कुणीही न बोलता तिथला नुसता आवाज घेऊन ठेवा. ते राहून गेलं असेल तर त्याच मुलाखतीत कुणी गप्प बसलेलं असेल तिथला तुकडा उचला. त्यातला हवा तेवढा भाग खड्ड्यात भरा आणि दोन्ही टोकं दहा-वीस मिलिसेकंद एकमेकांत मिसळू द्या. एवढं केलं तर छोटी शिवी म्यूट करूनही माणूस जरा अडखळला असंच वाटतं. लांबलचक, चार शब्दांची शिवी असेल तर मात्र म्यूटचा नाद सोडा.

बीपची पट्टी नेहमीप्रमाणे 1000 हर्ट्झचा साधा सूर. गोंधळ होतो तो आवाजाच्या पातळीत. ऑडॅसिटीच्या `Tone` खिडकीत `Amplitude` आधीपासून 0.8 असतं, म्हणजे जवळजवळ उणे 2 डीबी. आपलं बोलणं सरासरी उणे 20 डीबीच्या आसपास फिरत असतं. बोलण्याची टोकं वर जातात, पण क्षणभरच. बीप मात्र पूर्ण वेळ त्याच उंचीवर उभा राहतो, म्हणून टोकं सारखी दिसत असली तरी तो कितीतरी मोठा वाटतो. वस्तादांच्या वाक्यात मी 0.1 ठेवला, म्हणजे टोक उणे 20 डीबीवर. वेव्हफॉर्ममध्ये तो शेजारच्या अक्षरांपेक्षा बुटका दिसतो. दिसू दे, कानाला तो बरोबर बसतो. एवढा एक आकडा बदलला तरी निम्मं तुटकपण जातं, कारण मोठ्या बीपने दचकलेला कान पुढचे एक-दोन शब्द नीट घेतच नाही.

माझी एक फजिती सांगतो. मुलाखतीला दोन कॉलर माइक होते, एक वस्तादांना, एक विचारणाऱ्याला. मी वस्तादांच्या ट्रॅकवर सगळं छान केलं आणि फाइल पाठवली. गिऱ्हाईकाचा फोन आला की हेडफोन लावल्यावर बीपच्या मागं कुणीतरी लांबून शिवी देतंय. विचारणाऱ्याच्या माइकमध्ये ती बारीक आवाजात गेली होती. दोघांच्यात चार हातांचं अंतर, वर पत्रा. तेव्हापासून जितके माइक तितक्या ट्रॅकवर मी तोच भाग रिकामा करतो आणि बीप एकाच ट्रॅकवर ठेवतो. व्हिडिओ एडिटरमध्ये बीप वेगळ्या ट्रॅकवर टाकत असाल तर खालचं बोलणं आपोआप जात नाही, हेही ध्यानात असू द्या. वरून बीप, खालून शिवी, असे व्हिडिओ मी चिक्कार बघितलेत.

पत्र्याच्या तालमीत आणखी एक त्रास म्हणजे घुमणं. शिवीनंतर लगेच "च्या" किंवा पुढचा शब्द असेल तर प्रतिध्वनी त्याखाली झाकला जातो. वाक्यच शिवीवर संपत असेल तर बीप थांबल्यावर तिचं घुमणं मागं लोंबकळत राहतं. तिथं बीप 0.1 ते 0.2 सेकंद लांबवा, किंवा बीपनंतरच्या तेवढ्या जागेत मघाचा पंख्याचा आवाज भरा. पुढं माणूस गप्पच असतो, त्यामुळं टायमिंगला काही होत नाही. आणि हे सगळं पार्श्वसंगीत चढवायच्या आधी. आधीच मिसळलेल्या फाइलवर बीप बसवलात तर संगीतातही तेवढंच भोक पडतं, आणि हलगीचा ठेका मध्येच गळाला की बीपपेक्षा तेच जास्त खटकतं.

झालं की ज्याने मूळ मुलाखत ऐकलेली नाही अशा माणसाला ऐकवा. तुम्हाला शब्द माहीत असतो, त्यामुळं तुम्हाला तो प्रत्येक वेळी ऐकू येणारच. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावतो, एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर. वस्तादांच्या व्हिडिओला त्यानं दोन्हीकडं पास केलं होतं. खाली मराठी उपशीर्षकं टाकणाऱ्या पोराला मात्र मी मूळ, बिनबीपची फाइल दिली होती. त्यानं तो शब्द इमानेइतबारे पूर्ण टाइप केला होता.