तीन वाजताची जाग

“रोज रात्री तीनच्या सुमारास टक्क जाग येते. मग कर्ज, आईचं आजारपण, ऑफिसातली कामं, सगळं डोक्यात फिरायला लागतं आणि सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. लवकर झोपून पाहिलं, तरी फरक नाही. काय करू?”

हे विचारणारे गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षांचे, हिशेबतपासनीस. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याबद्दल लिहितो आहे. पाच महिने असंच चाललं होतं.

पहिल्या भेटीत मी काळज्यांबद्दल फारसं विचारलंच नाही. घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो असं बायको म्हणते का, लघवीसाठी उठावं लागतं का, झोप यावी म्हणून दारू घेता का, हे आधी विचारलं. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते. मग मनाची चौकशी केली. पहाटे जाग येणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, सकाळी मन सगळ्यात जड असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर झोपेचे उपाय करत बसायचं नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं. त्यांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

त्यांना एक वही करायला सांगितली. रोज सकाळी अंदाजाने लिहायचं: अंथरुणावर कधी पडलो, झोप कधी लागली, मधे किती वेळ जागा होतो, उठलो कधी. दोन आठवड्यांनी आम्ही सरासरी काढली. साडेनऊला पडायचे, सव्वादहाला झोप लागायची. तीनला जाग. सव्वापाचला पुन्हा डुलकी लागायची, ती सव्वासहापर्यंत. साडेसहाला उठायचे. अंथरुणावर नऊ तास, त्यात झोप पावणेसहा तास. म्हणजे शेकडा चौसष्ट. आकडा बघून ते स्वतःच म्हणाले, “हा तर तोट्यातला धंदा झाला.”

नेमकं तीनलाच काय होतं? झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी जाते आणि फेरी संपताना क्षणभर जाग येणं सगळ्यांचंच होतं, फक्त सकाळी आठवत नाही. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या सुरुवातीला उरकतो. दिवसभर साठलेली झोपेची भूक तीनपर्यंत बरीच भागलेली असते, म्हणून त्या वेळची जाग सहज पुरी होते. साडेनऊलाच झोपणारा माणूस तर ही भूक आणखी लवकर भागवून बसतो. शिवाय रात्रीमागून रात्री दोन-अडीच तास अंथरुणात हिशेब मांडले की डोक्यालाही अंथरूण म्हणजे हिशेबाची जागा वाटू लागते. मग उशीला डोकं टेकताच ते कामाला लागतं.

म्हणून अंथरुणावरचा वेळच कमी करायचा ठरवला. पावणेसहाचे पूर्ण सहा तास धरले: रात्री बारा ते सकाळी सहा. दुपारी झोप नाही, सुटीच्या दिवशीही सहालाच उठायचं. हे ऐकून ते जवळजवळ चिडले. झोप येत नाही म्हणून आलो आणि तुम्ही जागायला सांगता! राग रास्तच होता, कारण पहिले दोन आठवडे खरोखर वाईट जातात. दिवसा झापड येते, म्हणून तेवढे दिवस दुचाकी चालवायची नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. साडेपाच तासांच्या खाली मी कुणालाच नेत नाही. ज्याला फिट येतात, ज्याला कधी उन्मादाचा झटका आला आहे किंवा ज्याची नोकरीच गाडी चालवण्याची आहे, त्याने हा उपाय स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जाग आली की ते आधी मोबाइल बघायचे, “अजून तीन तास उरलेत” असं मोजायचे आणि त्या मोजणीनेच छाती धडधडायची. मोबाइल बाहेरच्या खोलीत गेला, गजराचं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बराच वेळ झाला असं वाटलं, साधारण पंधरा-वीस मिनिटं, की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं. वेळ मोजायची नाही, अंदाज पुरतो.

पहिल्याच आठवड्यात इथे गडबड झाली. उठल्यावर ते ऑफिसच्या फायली घेऊन बसले. काम भराभर उरकत होतं, कुणाचा व्यत्यय नाही, त्यामुळे तीनला उठण्याचं जणू बक्षीसच मिळू लागलं. त्या आठवड्यात झोप चार तास पन्नास मिनिटांवर आली. मी विचारलं, घरात असं कुठलं काम आहे जे वर्षानुवर्षं राहिलंय आणि झालं नाही तरी काही बिघडत नाही? माळ्यावर खिळे आणि स्क्रूंनी भरलेला एक जुना डबा होता. मापाप्रमाणे ते वेगवेगळ्या बरण्यांत घालायचे, एवढंच रात्रीचं काम ठरलं.

काळज्यांसाठी संध्याकाळी सातला वीस मिनिटं ठेवली, टेबलाशी बसून. कागदाचे दोन भाग करायचे, डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचं सगळ्यात लहान पाऊल. सुरुवातीला त्यांनी उजवीकडे “कर्ज फेडणे” असं लिहिलं होतं. हे पाऊल नाही, हीसुद्धा काळजीच आहे, फक्त बाजू बदललेली. ते खोडून “बुधवारी अकरा वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख पुढे ढकलता येईल का विचारणे” असं झालं. काहींच्या पुढे पाऊल नसतंच. आईच्या वयाला काय करणार? तिथे “आज काही नाही” असं लिहायचं. रात्री तोच विषय डोक्यात आला की “हे वहीत आहे, उद्या सातला” एवढंच स्वतःशी म्हणायचं. विचार हाकलायला जाऊ नये, तो दुप्पट जोराने परत येतो.

दुसऱ्या आठवड्यात सहा तासांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप झाली, म्हणजे शेकडा एकोणनव्वद. पंच्याऐंशीच्या वर गेल्यावर पाव तास वाढवायचा हा नियम. मग पावणेबाराला झोपणं सुरू झालं आणि नंतर दर आठवड्याला पाव-पाव तास अलीकडे. अकरा ते सहा इथे ते स्थिरावले, झोप साडेसहा तासांची. आठ तास व्हायलाच हवेत हा हट्ट मी सोडायला लावला, कारण दिवसभर त्यांना ताजंतवानं वाटत होतं.

तीनची जाग अजून येते, आठवड्यातून दोनदा वगैरे. बहुतेक वेळा कूस बदलून परत झोपतात. वर्षअखेरीच्या हिशेबांच्या दिवसांत मात्र पुन्हा चार रात्री सलग उठावं लागलं. त्यानंतर ते भेटायला आले ते जरा काळजीतच. म्हणाले, “बरण्या सगळ्या भरल्या. आता रात्री काय करू?”

मी म्हटलं, “डब्यात ओता सगळं.”