आर ठरवताना सेन्सरच्या डेटाशीटवर थांबू नका

बॅटरी किती टक्के भरलेली आहे, म्हणजे एसओसी, याचा अंदाज बांधणारा तुमचा कालमन फिल्टर करंट मोजून एसओसी पुढे ढकलतो आणि व्होल्टेजच्या फरकावरून दुरुस्त करतो, इथवर ठीक आहे. पण एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवर `R` मध्ये, म्हणजे व्होल्टेजच्या फरकावर किती अविश्वास ठेवायचा त्या आकड्यात, फक्त सेन्सरचा नॉइज घातलात, तर व्होल्टेजच्या आलेखाच्या मधल्या सपाट भागात फसाल.

धरा, तिथे 1% एसओसीला ओसीव्ही, म्हणजे करंट नसतानाचा व्होल्टेज, जेमतेम 1 mV हलतो, म्हणजे उतार `H = 0.1`. एसओसीची अनिश्चितता 5%, म्हणून तिचा वर्ग `P = 0.0025`. मॉडेलमधला अंतर्गत रोध 1 mΩ कमी धरला असेल, तर 20 A डिस्चार्जला व्होल्टेज अंदाजापेक्षा 20 mV खाली दिसेल.

```
K = P*H / (H*H*P + R)
```

सेन्सरचा नॉइज 2 mV, म्हणजे त्याचा वर्ग `R = 4e-6`. व्होल्टेजच्या फरकाला ज्याने गुणून एसओसी दुरुस्त होतो, तो `K` साधारण 8.6 येतो आणि एकाच फेरीत एसओसी 17% खाली! चूक रोधाची, भुर्दंड एसओसीला. तेच `R` 20 mV चा वर्ग धरून `4e-4` केलात, तर दुरुस्ती जेमतेम 1.2%.

मात्र ही चूक करंटसोबत टिकून राहते, त्यामुळे `R` वाढवणं ही मलमपट्टीच. मोजलेल्या आणि अंदाजित व्होल्टेजमधला फरक करंटशेजारी प्लॉट करा. दोन्ही एकत्र उड्या मारत असतील, तर आधी रोध तापमानानुसार नीट मोजा.